मदत हवी आहे: पीएस५ घेऊनही गेम लोड व्हायला पाऊण मिनिट, पीस खराब आहे का?

रात्रपाळी
लोकहो, प्लीज लवकर सांगा, डोकं फिरलंय. बायकोला महिनाभर पटवून पीएस५ घेतला, "यात एसएसडी असते, चहाचा घोट घेईपर्यंत गेम चालू" असं सांगून. काल तिच्यासमोर लावला आणि दोघं लोडिंगचं चित्र बघत बसलो, मोबाइलवर मोजलं तर ४७ सेकंद. मेलो की परत तसंच ताटकळायचं. जुन्या पीएस४ वरही एवढंच लागायचं, मग पैसे कशाला घातले? मावसभावाकडे हाच कन्सोल आहे, त्याचा गेम सात-आठ सेकंदांत सुरू होतो. दुकानदाराने खराब पीस गळ्यात मारला का? बदलून घ्यायला तीनच दिवस उरलेत.

मृदुला_के
गेम कोणता?

केबलवाला_काका
आधी स्पीड टेस्ट करा. आमच्याकडे पण संध्याकाळी सातनंतर असंच व्हायचं, राउटर किचनमध्ये फ्रिजवर होता, तिथून हॉलमध्ये आणला आणि वायफाय सोडून लॅनची वायर टाकली, तेव्हापासून धो धो.

रात्रपाळी
काका डाउनलोड नाही हो, लोडिंग. गेम आधीच आहे. विचर ३, डिस्कवाला.

पक्या_१००८
डिस्कवाला, इथेच घोळ. लेसर वाचणार, डिस्क फिरणार, मग एसएसडी काय करणार बिचारी? डिजिटल कॉपी घे, प्रश्न मिटला.

मृदुला_के
पक्या, उगाच खर्चात पाडू नकोस त्याला. गेम सगळा ड्राइव्हवर कॉपी होतो आणि तिथूनच चालतो, डिस्क फक्त गेम तुझाच आहे हे दाखवायला लागते.
रात्रपाळी, दोन गोष्टी सांगा. गेम इन्स्टॉल कुठे आहे, आणि नावाशेजारी PS4 असं लिहून येतं का?

रात्रपाळी
कुठे म्हणजे? कन्सोलमध्येच असणार ना. जुन्या पीएस४ ला २ टीबीची हार्ड डिस्क लावलेली होती ती काढून याच्या यूएसबीला लावली, सगळे गेम आपोआप दिसले, परत डाउनलोड नको, म्हटलं भारी. आणि हो, PS4 लिहून येतं.

मृदुला_के
अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! कन्सोल ठणठणीत आहे, तुम्ही त्याची एसएसडी वापरतच नाही आहात. नवा कन्सोल आणि जुनीच फिरकी.

पक्या_१००८
पण यूएसबी ३ आहे, सेकंदाला ५ गिगाबिट. केबलला काय धाड भरलीय?

मृदुला_के
केबलचा दोष नाहीच. ही छोटी हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असणार, म्हणजे तबकडी सेकंदाला ९० फेरे मारते, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचायचा तर आधी वाचणारं हेड सरकून त्याच्या रांगेवर जायला हवं, मग तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. दोन्ही मिळून १५-१६ मिलिसेकंद धर, म्हणजे सेकंदाला साठेक उड्या झाल्या. आता शहर उभं करायला घरं, झाडं, माणसं, आवाज असे दोन हजार तुकडे विखुरलेल्या जागांवरून गोळा करायचेत असं समज. नुसत्या उड्यांमध्येच ३३ सेकंद गेले, वाचायचं अजून बाकीच. मग केबल कितीही जाड लाव. एसएसडीत सरकायला आणि फिरायलाच काही नाही, त्यामुळे ही वाट बघणंच जवळपास संपतं.
रात्रपाळी, खात्री करायची असेल तर गेम लोड होताना ड्राइव्हवर बोट ठेवा, आत टकटक जाणवेल. ते तुमचे ४७ सेकंद.

रात्रपाळी
ठेवलं. खरंच टकटकतंय 🙈 बायको हसतेय. आता करू काय?

मृदुला_के
`Settings > Storage > USB Extended Storage` मध्ये जाऊन गेम आतल्या ड्राइव्हवर हलवा आणि परत मोजा. एकदम जादूची अपेक्षा नको, गेम पीएस४ चाच आहे. `Storage` मध्येच `Installation Location` पण बघा, तिथे पीएस४ चे गेम यूएसबीवर जाऊ दे असं असेल तर पुढचाही तिकडेच जाईल.

जुनं_खोड
मला मात्र ते लोडिंग आवडायचं. २०१८ च्या स्पायडरमॅनमध्ये लांब जायचं म्हटलं की तो सूटमध्ये मेट्रोत बसलेला दिसायचा, शेजारी माणसं. ते बघतानाच पाणी पिऊन यायचं. आता डोळ्याची पापणी लवली की पोचलास, मजा गेली.

अवधूत_कोथरूड
त्याच गेमची गंमत सांगतो. पीएस५ चा आर्किटेक्ट मार्क सर्नी याने मार्च २०२० मध्ये भाषण दिलं होतं, त्यात म्हणाला की न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची टपालपेटी वगैरे सामान त्या गेमच्या डेटात ४०० वेळा असू शकतं. कारण मृदुला म्हणतात तेच, हेडला लांब उडी मारायला लागू नये म्हणून प्रत्येक चौकाच्या डेटाशेजारी त्याच पेटीची नवी प्रत. जागा गेली पण वेळ वाचला.

पक्या_१००८
मग एसएसडी आल्यावर गेम लहान व्हायला हवेत, झालेत कुठे? सगळे शंभर जीबीच्या वर.

अवधूत_कोथरूड
काही झाले की. हेलडायव्हर्स २ ची पीसीवरची साइज २०२५ च्या शेवटी १५० जीबीवरून २३ वर आणली, अशा प्रती काढूनच. आणि गंमत म्हणजे हार्ड डिस्कवाल्यांनाही फार फरक पडला नाही, कारण त्या गेममध्ये जास्त वेळ नकाशा तयार करण्यात जातो. त्यामुळे सगळं हेडवर ढकलणं मला तरी पूर्ण पटत नाही.

मृदुला_के
हेलडायव्हर्स दर वेळी नवा नकाशा बनवतो, विचरचा ठरलेला आहे. तुलना चुकतेय.

अवधूत_कोथरूड
विचरमध्ये प्रोसेसरला काही कामच नसतं असं म्हणायचंय का?

रात्रपाळी
तुमचं चालू द्या. आत हलवला. ४७ चे २१ झाले. पण मावसभावाच्या आसपासही नाही, मग पीस खराबच ना?

मृदुला_के
नाही हो. अवधूतचा मुद्दा इथे मात्र बरोबर आहे. हेडचं थांबणं गेलं की पुढचं काम उघडं पडतं. डेटा दाबून ठेवलेला असतो, तो उलगडायचा, मग जागेवर लावायचा. सर्नीच म्हणाला होता की पीएस४ मध्ये दहापट वेगवान एसएसडी बसवली तरी लोडिंग नशीब असेल तर दुप्पट वेगाने होईल. म्हणून पीएस५ मध्ये आतला ड्राइव्ह सेकंदाला ५.५ जीबी देतो आणि उलगडायला वेगळं हार्डवेअर आहे, त्याच्या हिशोबाने तेच काम प्रोसेसरवर टाकलं असतं तर नऊ कोअर लागले असते. पण पीएस४ साठी लिहिलेल्या गेमला या वाटेचा पत्ताच नाही.
विचरची पीएस५ आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, पीएस४ चा गेम असलेल्यांना फुकट. डिस्क आत ठेवा, गेमच्या पानावर तीन टिंबं दाबा, PS5 निवडून उतरवून घ्या. सेव्ह उघडल्याशिवाय जुनी आवृत्ती काढू नका.

पक्या_१००८
आणि ती पण यूएसबीवर टाक, जागा वाचेल. मी एसएसडीच लावलीय यूएसबीला.

मृदुला_के
पीएस५ चा गेम यूएसबीवर फक्त ठेवता येतो, चालत नाही. तू एसएसडी लावलीस तरी तेच. चालवायचा तर आतला ड्राइव्ह किंवा एम.२ चा स्लॉट.

केबलवाला_काका
आता डाउनलोड आहे ना? मग लॅनची वायर.

रात्रपाळी
काका तुमचं ऐकलं, वायर लावली 😄 नवी आवृत्ती लावून मोजली, ८ सेकंद. बायको म्हणाली "बरं". दुकानात जात नाही आता. पण जागा कमी पडली म्हणून जुनी आवृत्ती काढून टाकली आणि इथे सेव्हच दिसत नाही, लेव्हल २३ चा गेराल्ट गेला का?

मृदुला_के
सांगितलं होतं मी. गेम काढल्याने सेव्ह जात नाही, `Saved Data and Game/App Settings > Saved Data (PS4)` मध्ये बघा, तिथे आहे का ते आधी सांगा.