2.31 ग्रॅम की 1.84? लेड आयोडाइडचा पिवळा साका आणि घरातलं भांडण

कोथरूडचा बाबा: मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणित असं: 50 मिली 0.10 मोलर लेड नायट्रेटमध्ये 40 मिली 0.20 मोलर पोटॅशियम आयोडाइड ओतलं, तर साका किती ग्रॅम? क्लासमध्ये उत्तर 2.31 दिलंय. मुलगी म्हणते 1.84. कॉलेजच्या लॅबमध्ये हेच केलं तेव्हा वजन 1.93 भरलं. कुणाचं खरं मानायचं?

रविवारपेठी: क्लासचं. लेड नायट्रेट 5 मिलिमोल, आयोडाइड 8. जे कमी ते आधी संपणार, हे उघड आहे. 5 गुणिले 461, म्हणजे 2.305 ग्रॅम. मुलीने बहुतेक गुणाकारात घोटाळा केलाय.

जुना लॅबवाला: मुलीचं बरोबर आहे. आकडे नुसते शेजारी ठेवून लहान-मोठं ठरवायचं नसतं.

Pb(NO3)2 + 2KI → PbI2 + 2KNO3

एका ताटात दोन पोळ्या वाढायच्या आहेत. ताटं 5, पोळ्या 8. जेवायला किती जण बसतील? चार. पाचवं ताट रिकामं राहील. म्हणजे पोळ्या आकड्याने जास्त असूनही आधी त्याच संपल्या. आयोडाइडचं तसंच आहे. साका 4 मिलिमोल, 4 × 461 = 1.844 ग्रॅम, आणि 1 मिलिमोल शिसं पाण्यात शिल्लक.

पटत नसेल तर वजनं मांडून बघा. आत गेलं किती? लेड नायट्रेट 1.656 ग्रॅम आणि आयोडाइड 1.328, मिळून 2.984. क्लासच्या उत्तराप्रमाणे 2.305 ग्रॅम साका आणि त्याच्यासोबत 10 मिलिमोल पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे 1.011 ग्रॅम. बेरीज 3.316! बीकरमध्ये घातलं त्याहून जास्त बाहेर आलं. मुलीच्या उत्तराने बेरीज करा: 1.844, नायट्रेट 0.809, उरलेलं लेड नायट्रेट 0.331. बरोब्बर 2.984.

रविवारपेठी: ताटं-पोळ्या पटलं. माझं चुकलं. पण मग 1.93 का भरलं? प्रयोग खोटा का?

जुना लॅबवाला: खोटा नाही, ओला. फिल्टर पेपर नीट वाळला नसेल, शिवाय साका धुतला नसेल तर त्यात अडकलेल्या पाण्यातलं पोटॅशियम नायट्रेटही तिथेच वाळतं. पुन्हा वाळवून वजन करायचं, दोन वजनं सारखी येईपर्यंत. दुसरं, गाळलेल्या पाण्यात आयोडाइडचे दोन थेंब टाका. गडद पिवळं झालं तर शिसंच उरलंय, म्हणजे आयोडाइड आधी संपलं. क्लासवाल्यांना हे दाखवलं की वाद मिटतो.

हट्टी_पीएचडी: लॅबवाले काका, तुमचंही 1.844 पूर्ण खरं नाही. लेड आयोडाइड थोडं विरघळतंच. इथे शिसं शिल्लक असल्यामुळे ते कमी विरघळतं, तरी 90 मिलीमध्ये साधारण 17 ते 20 मिलिग्रॅम राहतंच. म्हणजे वाळवून नीट तोललं तर 1.82 च्या आसपास. पुस्तकात शेवटचा 4 छापणं म्हणजे नसलेली अचूकता मिरवणं.

जुना लॅबवाला: हिशेब बरोबर. पण अकरावीच्या पोराला आयोडाइड आधी संपतं हे कळावं म्हणून हे गणित आहे. तिथे विद्राव्यता घुसवली की मूळ मुद्दा बुडतो. आणि खरी गळती वेगळीच आहे. काही मुलं 100 मिली पाण्याने साका धुतात, त्यात 70 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. गरम पाण्याने धुतलं तर विचारूच नका, उकळत्या पाण्यात ते कितीतरी पट जास्त विरघळतं. थोड्या गार पाण्याने धुवा.

हट्टी_पीएचडी: मूळ मुद्दा बुडू नये हे ठीक, पण प्रश्नात निदान ‘साका पूर्ण पडतो असे धरा’ हे एक वाक्य तरी हवं. नाहीतर 1.82 लिहिणाऱ्याला चूक द्यायची का?

टिळकरोडवाली: माझ्याकडे उलटंच झालं होतं. खात्रीसाठी आयोडाइड भरपूर ओतलं, संपृक्तच जवळजवळ, तर पिवळा साका नाहीसा! मी म्हटलं पावडर नकली. तुमचं गणित तिथे कसं लागतं?

हट्टी_पीएचडी: नकली नव्हती. फार जास्त आयोडाइड मिळालं की शिसं त्याच्याशी विरघळणारं संयुग बनवतं. या गणितात आयोडाइडच कमी आहे, म्हणून इथे तो प्रकार होणार नाही.

कोथरूडचा बाबा: मुलीला वाचून दाखवलं. गाळलेलं पाणी तिने बाटलीत ठेवलंय म्हणे, उद्या थेंब टाकून बघणार. ते घरी सिंकमध्ये ओतू नको एवढं मी सांगितलं.

जुना लॅबवाला: उत्तम. शिसं आहे त्यात, लॅबच्या टाकाऊ डब्यातच गेलं पाहिजे.

रविवारपेठी: आणि क्लासला कोण सांगणार?