मदत हवी आहे: सतत तक्रार करणाऱ्या सहकाऱ्याचं बोलणं कुठे आणि कसं थांबवावं?

आमची सहा जणांची अकाउंट्सची टीम आहे. त्यातले एक सिनिअर सकाळी आल्यापासून सिस्टीम, साहेब, पगार यांवर बोलत राहतात. महिनाअखेरीला बिलं जुळवताना तर आकड्यांवरचं लक्ष उडतं आणि तीच बेरीज दोनदा करावी लागते.

आधी सहानुभूतीने ऐकलं, तर रोज मीच हक्काचा श्रोता झालो. उपाय सुचवले की "ते इथे चालणार नाही" हे ठरलेलं उत्तर. हेडफोन लावले तर खांद्यावर हात ठेवून बोलतात. "मग तुम्ही काय करायचं ठरवलंय?" असं विचारल्यावर मात्र ते गप्प होतात, पण तेवढ्यापुरतेच, मग शेजारच्या टेबलावर तोच विषय सुरू होतो.

जागा बदलता येत नाही. जीएसटीचं जुनं काम फक्त त्यांनाच माहीत आहे, त्यामुळे संबंध तोडायचे नाहीत. त्यांच्या काही तक्रारी खऱ्याही आहेत, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. साहेबांकडे इतक्यात जायचं नाही.

वयाने मोठ्या माणसाचा अपमान न होता, दोन मिनिटांत बोलणं आटोपून कामाकडे वळायला तुम्ही नेमकं कोणतं वाक्य वापरता? आणि टीममधल्या बाकीच्यांनीही तेच करावं, हे त्यांना एकटं पाडल्यासारखं न वाटता कसं ठरवायचं?