पहिल्या तीन मिनिटांत सूत्रधार हवा की नको?

धागाकर्ती, खानापूर
आम्ही चौघे मिळून एका अ‍ॅनिमेटेड अद्भुत साहसकथेच्या पहिल्या भागाची संहिता लिहीत आहोत. या जगात पाऊस मडक्यांत साठवलेला असतो. मडके फुटले की पाऊस पडतो, पण तो त्या गावाच्या शिवेपुरताच. नायिका शेवंता ही कुंभाराची बारा वर्षांची मुलगी आहे. आरंभी सूत्रधाराचे सुमारे दीडशे शब्दांचे निवेदन लिहिले आहे. जग आणि नायिका तीन मिनिटांत कळली पाहिजे, पण माहितीचा भडिमार नको. निवेदन ठेवावे की काढावे?

नाट्यप्रेमी, बेळगाव
ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या दशावतारातही मूळ आख्यानाआधी पूर्वरंग असतो, सूत्रधार येतो, गणपती येतो, आणि प्रेक्षक त्या तयारीला कंटाळत नाहीत. मडक्यात पाऊस का असतो, ही प्रथा कोणी घातली आणि तो शिवेबाहेर का जात नाही, हे आधी सांगितले नाही तर मुले गोंधळतील. शिवाय संहितेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, हा हिशेब सर्वज्ञात आहे. तुमचे निवेदन अर्ध्या पानाचे असेल, म्हणजे अर्धाच मिनिट जाईल. त्यात बिघडते काय?

स्टोरीबोर्डवाला, टिळकवाडी
पानाचा तो हिशेब संवादांनी भरलेल्या संहितेला साधारण लागू पडतो. निवेदनाला किंवा केवळ कृतीने भरलेल्या पानाला तो लावता येत नाही. लहान मुलांसाठी सावकाश वाचलेल्या निवेदनात सेकंदाला जेमतेम दोन शब्द बसतात, म्हणजे दीडशे शब्दांना सव्वा मिनिट लागेल. एकूण 180 सेकंदांपैकी 75 सेकंद नायिका काहीच करत नसेल, आणि मोठी अडचण तीच आहे. दशावताराचा दाखला मला पटतो, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. तिथे समोर बसलेल्या माणसाला राम-रावण आधीपासून ठाऊक असतात, म्हणून पूर्वरंगाला जग समजावून सांगावे लागत नाही. मडक्यातला पाऊस मात्र कोणालाच ठाऊक नाही, आणि ऐकून कळलेला नियम मुलांच्या लक्षात राहत नाही. कोणाचे तरी नुकसान करणारा नियम राहतो.

म्हणून मी आरंभ असा रचेन. पहिली पस्तीस सेकंदे कुंभाराचे अंगण. शेवंता एकेका मडक्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान लावते. खणखणीत वाजले की ते फळीवर जाते. बद्द वाजले, म्हणजे आत तडा आहे, की बाजूला ठेवले जाते. फळीवरच्या मडक्यातून दूरचा गडगडाट ऐकू येतो. एकही संवाद नाही, तरी तिचे कसब कळले आणि मडक्यात काय आहे याची चाहूल लागली.

पुढे घाईत आलेला एक गाडीवान बाजूला ठेवलेलेच मडके उचलतो. ती म्हणते, "ते नेऊ नका, त्याला तडा आहे." वडील मात्र धान्याच्या पोत्याकडे पाहून गप्प राहतात. गाडी नेमकी शिवेच्या दगडावर असताना मडके फुटते आणि पाऊस कोसळतो. बैलांचे मागचे पाय चिखलात आहेत आणि पुढचे पाय कोरड्या धुळीत. तुमच्या निवेदनातले निम्मे शब्द या एका चित्राने अनावश्यक ठरतात, आणि मुले हसतील ते वेगळेच. त्यानंतर गावकरी रित्या फळीकडे बोट दाखवून बापाला जाब विचारतात. इथे शेवंताला काय हवे आहे ते ठरते. शेवटी ती आव्यामागचे सर्वांत जुने मडके वाजवते. ते खणखणीतही वाजत नाही आणि बद्दही नाही. आतून कोणीतरी उलट टिचकी मारते. ते मडके घेऊन ती शीव ओलांडते आणि तीन मिनिटे संपतात.

या आराखड्यात अंगण, रस्ता आणि आवा अशी तीनच स्थळे आहेत, हे मुद्दाम केले आहे. प्रत्येक नवे स्थळ म्हणजे नवी पार्श्वभूमी रंगवणे, आणि प्रेक्षकालाही नवी जागा ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. पहिल्याच भागात सात राज्ये दाखवण्याच्या मोहात संहिता इथेच फसते.

निपाणीची शिक्षिका
आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी अशीच एक काल्पनिक कथा सादर केली होती, आणि पडदा उघडण्यापूर्वी समूहगीतातून नायकाचे जन्मापासूनचे चरित्र सांगितले होते. पालकांना ते फार आवडले. तुम्हीही शेवंताचे बालपण तीन मिनिटांच्या गीतात का बसवत नाही? आमच्या भागातली मुले घरी मराठी आणि बाहेर कन्नड बोलतात, त्यांना गाणे लवकर कळते.

स्टोरीबोर्डवाला, टिळकवाडी
बाई, रंगमंचावरच्या गीताला समोरच्या गर्दीची साथ असते. पडद्यापुढे मूल बहुधा एकटे असते आणि ते पटकन उठून जाते. शिवाय इथे प्रश्न बालपणाचा नाही, आज ती कोणत्या पेचात आहे याचा आहे. कन्नडचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे. आरंभ जितका चित्रांवर चालेल तितका कन्नड आवाज देताना त्रास कमी, कारण ओठांच्या हालचाली जुळवण्याजोगी वाक्ये मोजकीच उरतात.

नाट्यप्रेमी, बेळगाव
बैलाचे चित्र उत्तम आहे, हे मान्य. परंतु पाऊस शिवेवर थांबतो एवढेच त्यातून कळते. तो तसा का थांबतो, हे कोणत्याही चित्रातून कळणार नाही. कणकुंबीला धो धो कोसळत असताना अथणीकडे आभाळ कोरडे असते, हे आपल्या जिल्ह्यातले मूल पाहून आहे. ते याला निसर्गाची रीत समजेल आणि त्यामागे कोणाचा तरी अन्याय आहे हे त्याच्या ध्यानातच येणार नाही. मग पुढची सगळी कथा कशावर उभी राहणार?

स्टोरीबोर्डवाला, टिळकवाडी
ही शंका रास्त आहे आणि माझ्याकडे तिचे पूर्ण उत्तर नाही. शिवेच्या दगडावर कोणाची तरी मुद्रा कोरलेली दाखवता येईल आणि तीच मुद्रा प्रत्येक मडक्याच्या झाकणावर असेल, तर हे माणसांनी केलेले आहे एवढी शंका तरी जागी होईल. त्यामागचे कारण पहिल्या भागात कळलेच पाहिजे असे नाही. मात्र एक धोका टाळा: निवेदन काढल्यावर तोच मजकूर संवादांत घुसतो. "शेवंते, तुला तर ठाऊकच आहे की आपल्या गावात…" असे वाक्य बापाच्या तोंडी आले, की सूत्रधार मागच्या दाराने परत आला असे समजा.

परीक्षा सोपी आहे. कच्ची रेखाटने वेळेनुसार जोडून, तात्पुरते आवाज घालून, ती कथा न ऐकलेल्या मुलांना दाखवा. "समजले का?" असे विचारू नका, सगळी मुले हो म्हणतात. "हे मडके तिने शिवेपलीकडे फोडले तर पाऊस कुठे पडेल?" असे विचारा. बरोबर उत्तर आले तर नियम पोहोचला. नंतर आवाज बंद करून दुसऱ्या मुलांना दाखवा आणि शेवंताला काय हवे आहे, ते विचारा.

धागाकर्ती, खानापूर
निवेदन काढून ही मांडणी रेखाटायला घेते. मुद्रेबद्दल आमच्यातच दोन मते आहेत: एकाला वाटते की झाकणावरची मुद्रा इतक्या घाईत कोणाच्या नजरेस येणार नाही, आणि ती जवळून दाखवायची तर टिचक्यांच्या प्रसंगातली चार सेकंदे कापावी लागतील. शिवाय मडक्यातून उलट टिचकी आल्यावर शेवंता घाबरेल की हसेल, हेही अजून ठरलेले नाही.

नाट्यप्रेमी, बेळगाव
टिचक्या कापा, मुद्रा ठेवा. आणि सूत्रधाराचे एक तरी वाक्य शेवटी ठेवाल, तर माझी तक्रार मागे घेईन.

स्टोरीबोर्डवाला, टिळकवाडी
टिचक्या कापू नयेत. खणखणीत आणि बद्द हा फरक कानात पक्का बसला नाही, तर शेवटचा तिसरा आवाज वाया जातो. चार सेकंदे गावकऱ्यांच्या भांडणातून काढा.