गप्प राहिलेला दिग्दर्शक बाजूला असतो का?

मूळ पोस्ट: "फिल्म स्टडीजच्या उत्तरात मी लिहिलंय की डॉक्युमेंटरीत दिग्दर्शक बाजूला राहिला तरच खरं दिसतं. प्रश्न विचारला की माणूस अभिनय करायला लागतो. नुसतं बघत राहणारा वाइजमन बघा, लोकांना प्रश्न विचारणारा रूश सोडा."

लांबशॉट: वाइजमनचं नाव घेतलंस म्हणून लिहितोय. मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळावरच्या त्याच्या 'टिटिकट फॉलीज'मध्ये (१९६७) निवेदन नाही, मुलाखत नाही, मान्य. पण जेवण नाकारणाऱ्या कैद्याच्या नाकात नळी घालून डॉक्टर त्याला भरवतो तो सीन आठव. मधेमधे त्याच माणसाच्या प्रेताची दाढी करतानाचे तुकडे येतात. जिवंत असताना कशीतरी उरकलेली काळजी आणि मेल्यावर हळुवार हात, हे आरोपपत्र एडिटिंग टेबलवर लिहिलंय. तो गप्प आहे, पण बाजूला नाहीये.

आता रूश आणि मोरँचं 'क्रॉनिकल ऑफ अ समर' (१९६१). त्यात भाग घेणारी मार्सलीन खांद्याला नाग्रा रेकॉर्डर लावून एकटी चालतेय, छळछावणीतून परत न आलेल्या वडिलांशी बोलतेय, कॅमेरा गाडीतून पुढे जातोय आणि ती लांब लांब राहतेय. हे दिग्दर्शकांनी घडवून आणलं, नाहीतर ते बोलणं कुठेच झालं नसतं. शेवटी फिल्म तिच्यात दिसलेल्या लोकांनाच दाखवतात, कुणाला प्रसंग खोटे वाटतात, कुणाला नको इतके उघडे, आणि ते भांडणही फिल्ममध्ये ठेवलंय. वाइजमनच्या कैद्यांना असं बोलायला मिळालं का?

साउंडवाली: मी आजीवर फिल्म केली होती, ती दळताना थांबून "तू जेवलीस का गं?" म्हणाली. गाईडनी तो शॉट काढायला लावला, ऑब्झर्वेशनल मोड, म्हणजे दिग्दर्शकाने नुसतं बघत राहायची शैली, मोडते म्हणे! सगळ्या फिल्ममध्ये तेवढंच जिवंत होतं, अजून राग येतो मला.

विनायक_के: आजीचं राहू द्या हो, विषय काय चाललाय. टिटिकटवर बंदी आली ती सरकारची अब्रू जात होती म्हणून, एवढं साधं आहे.

लांबशॉट: एवढं साधं नाहीये. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात कैद्यांच्या खाजगीपणाचा मुद्दा होता. सरकारला तो सोयीचा होता हे खरं, पण नग्न, आजारी माणसांची संमती नेमकी कशी घ्यायची हा प्रश्न त्याने खोटा ठरत नाही.

विनायक_के: मग दाखवायचंच नाही का? १९९१ पर्यंत सामान्य प्रेक्षकाला बघता आली नाही, त्यात कुठल्या कैद्याचं भलं झालं ते सांगा. मी स्वतः भावाला मनोरुग्णालयात भेटायला जायचो, आतलं बाहेर येत नाही हो, कुणीतरी कॅमेरा न्यायलाच हवा.

साउंडवाली: न्या ना, पण भावाला विचारून न्या. त्याचा चेहरा आहे तो.

मूळ पोस्टवाला: बरं, कटमधून मत येतं हे उत्तरात घालतो. पण माझं म्हणणं तसंच आहे, वाइजमनच्या त्या डॉक्टरला कुणी प्रश्न विचारला असता तर तो नीट वागला असता आणि आपल्याला काहीच दिसलं नसतं.

लांबशॉट: डॉक्टरपुरतं मान्य. मार्सलीनला ते लावू नकोस.