अनुभव धागा : तुमच्या घरात कुणी मेळ्यात, प्रभातफेरीत, जलशात गायलं होतं का?

जुनीपेटी
आजोळचं घर विकलं. माळा रिकामा करताना एक चोपडं हाती लागलं. सोळा पानं, कव्हर अर्धं फाटलेलं, गणपतीत गात फिरणाऱ्या मेळ्याच्या पदांची पद्यावली. प्रत्येक पदावर 'चाल' आणि पुढे कुठल्यातरी नाटकातल्या पदाचे दोन-तीन शब्द. एका पदाचं तिसरं कडवं जांभळ्या पेन्सिलीने पूर्ण खोडलंय. पणजोबा मेळ्यात पेटी वाजवायचे एवढंच आईला माहीत. भाचीला शाळेत स्वातंत्र्य चळवळ आणि सण-गाणी यावर छोटा निबंध लिहायचाय, म्हणून हा धागा. पुस्तकातलं नको, घरात ऐकलेलं सांगा.

झांजवाला
सोपं आहे. इंग्रजांनी सभांवर बंदी घातली होती, म्हणून टिळकांनी १८९३ साली गणपती घराबाहेर आणला. धार्मिक कार्यक्रमाला हात लावायची सरकारची हिंमत नव्हती. भाचीला एवढं लिहायला सांगा, पैकीच्या पैकी मार्क.

कसबेकर
मार्क मिळतील, पण झांजवाले, गोष्ट उलट्या टोकाने सांगताय. १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणपती बसले ते भाऊसाहेब रंगारी वगैरे मंडळींचे. टिळकांनी 'केसरी'तून ते उचलून धरलं आणि १८९४ साली विंचूरकर वाड्यात स्वतः बसवला. पहिला कोण यावर इथे तीन धागे पेटून विझलेत, चौथा नको.

सभाबंदीचं म्हणाल तर १८९५ साली काँग्रेसचं अख्खं अधिवेशन पुण्यातच भरलं. बंदी असती तर भरलं असतं का? सभांना अडवणारा कायदा १९०७ चा. अडचण निराळीच होती. सभा घेता येत होती, पण सभेला यायचं कोण? वकील, मास्तर, चार पेन्शनर. ठराव इंग्रजीत. तांबट, तेली, माळी तिकडे कशाला फिरकतील? गणपतीला मात्र ते आपण होऊन येत. बोलावणं धाडावं लागत नव्हतं आणि ऐकायला लिहिता-वाचता येण्याचीही गरज नव्हती.

आडोसा म्हणून उत्सवाचा उपयोग झाला, पण तो पुढे, १९०८ च्या धरपकडीनंतर. आणि तेव्हा सरकारने हात लावलाच. १९१० पासून मेळ्यांवर निर्बंध आले, पदं आधी दाखवून मंजूर करून घ्यावी लागत. तुमची जांभळी पेन्सिल त्यातलीच असावी.

माजघर
आमच्याकडे मेळा नाही, कीर्तन. पणजोबा कीर्तनकार होते, कोकणात. पूर्वरंगात नेहमीसारखा अभंग, निरूपण. उत्तररंगात आख्यान ध्रुव-प्रल्हादाचं असायचं, त्या जागी शिवाजी आला. डॉ. दत्तोपंत पटवर्धनांची राष्ट्रीय कीर्तनं गाजत होती, तोच कित्ता.

आजी सांगायची तो प्रसंग साखरेचा. स्वदेशीचे दिवस, १९०५-०६. आख्यान चालू असताना पणजोबा थांबले आणि म्हणाले, परदेशची साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात, ती गौरीच्या नैवेद्याला चालते का, तुमचं तुम्ही ठरवा. बास. पुन्हा आख्यान चालू. त्या वर्षी आळीत पुरणात गूळच पडला. ज्या बायका सभेला कधी गेल्या नाहीत, त्यांनी चुलीपाशी निर्णय घेतला. वाण्याची साखर तशीच पडून राहिली म्हणून तो पणजोबांवर चिडला होता, हेही आजी रंगवून सांगायची.

डेसिबल
खरंय, हल्ली डीजेने वाट लावलीय. आमच्या गल्लीत दहा दिवस झोप नाही. खिडकीच्या काचा थरथरतात.

जुनीपेटी
डेसिबल, आवाजाचा धागा शेजारी आहे हो.

गोदाकाठी
मी नाशिकचा. मेळे म्हटलं की पुणेकर पुण्याबाहेर जात नाहीत, म्हणून लिहितो. आमच्याकडे मित्रमेळा होता, सावरकर बंधूंचा. त्यात गोविंद कवी, म्हणजे आबा दरेकर. पायांनी अधू, आधी लावण्या रचणारा माणूस. लावणी कानाला कशी धरते ते त्याला पक्कं ठाऊक, म्हणून पोवाडे आणि पदंही तशीच उतरली. 'रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले' त्यांचंच.

माझे आजोबा तालमीत जायचे. तिथे जोर-बैठका मोजताना आकड्यांऐवजी पोवाड्याच्या ओळी म्हणत, असं ते सांगत. खरंखोटं त्यांनाच माहीत, पण ऐंशी वर्षांच्या वयात त्यांना औषधाची वेळ आठवायची नाही आणि पोवाडा मात्र अडखळल्याशिवाय यायचा.

भाचीला एक खटला जरूर सांगा. बाबाराव सावरकरांनी कवितांची छोटी पुस्तिका छापली, 'लघु अभिनव भारतमाला'. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळं पाणी. बचाव असा की यात देव आहेत, शिवाजी आहे, इंग्रज कुठे आहे? अपील हायकोर्टात गेलं. तिथल्या मराठी जाणणाऱ्या न्यायमूर्तींनी लिहिलं की देवांची आणि वीरांची नावं निमित्तमात्र, सांगणं एवढंच की तलवार घ्या आणि परकी सरकार मोडा. भाषा येणाऱ्या माणसालाच ते ऐकू आलं. नुसत्या इंग्रजी भाषांतरावर कितपत लागलं असतं कोण जाणे.

पिटातला
नाटकाचंही हेच. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. रंगमंचावर सगळं महाभारत. विराटाचा दरबार, सैरंध्री, मुजोर कीचक. पिटातल्या माणसाला कळायचं की कीचक म्हणजे कर्झन, सोशिक धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. १९१० साली बंदी. गंमत अशी की बंदी घालायची तर सरकारला आधी कबूल करावं लागलं की कीचक आम्हीच.

पद्यावलीवरच्या 'चाल'बद्दल. मेळ्यातली पोरं काही नोटेशन वाचणारी नव्हती. नाटकातलं पद गल्लीत सगळ्यांना पाठ, तेव्हा शब्द बदलले की एका संध्याकाळी मेळा तयार. ऐकणाराही दुसऱ्या कडव्याला सोबत गुणगुणू लागतो. नवीकोरी चाल असती तर दहा दिवसांत ती कुणाच्या तोंडी बसली असती?

जेधेवाडी
सगळं छान चाललंय, थोडं मीठ टाकतो. 'सामान्य माणूस' म्हणताय तो कोण? माझ्या पणजोबांना तुमच्या त्या मेळ्यात पेटी सोडा, टाळही कुणी दिला नसता. ते सत्यशोधक जलशात होते. गण, गौळण तमाशासारखीच, पण गौळणीत मथुरेच्या बाजाराऐवजी भटजी आणि सावकार यायचे. १९२० नंतर पुण्यात छत्रपती मेळा निघाला. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर त्यात पुढे. त्यांची पदं टिळकपक्षाला सोलून काढणारी. ब्राह्मणी मेळे त्यांना उत्तर देत. मारामाऱ्याही झाल्या.

मग हेच जेधे १९३० च्या सुमारास काँग्रेसच्या चळवळीत आले आणि मागोमाग खेडी आली. पणजोबा सत्याग्रहात गेले ते जलशामुळे, गणपतीमुळे नाही. निबंधात हे येणार नसेल तर निबंध अर्धाच.

कसबेकर
मान्य. आणखी एक कडू गोष्ट. मेळा हा प्रकारच मोहरमच्या मेळ्यांवरून आला. त्याआधी हिंदू ताबुतांपुढे नाचत, नवस बोलत. १८९३ च्या मुंबईच्या दंग्यानंतर १८९४ च्या पदांत चक्क सांगितलंय की डोल्यांना जाऊ नका. त्याच वर्षी दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी वाजवत जाण्यावरून मारामारी झाली. मेळ्याने माणसं जोडली तशी काही तोडलीही. इंग्रजांवरची पदं जोरात आली ती त्यानंतर.

झांजवाला
प्रत्येक गोष्टीत खोट काढायची. लोक एकत्र आले की नाही?

जेधेवाडी
कोणते लोक, हेच तर विचारतोय.

सोलापुरीचादर
भांडा निवांत. मी आजीचं सांगते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. जानेवारी १९३१ मध्ये मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. वडील गिरणीत.

प्रभातफेरीला ना मांडव लागे, ना पेटी, ना वर्गणी. पहाटे चार-सहा जण गात निघायचे. आजी सांगायची, पाणी तापवताना आवाज लांबून यायचा, दारापर्यंत येईतो कडवं पाठ झालेलं असायचं, मग मागे जायचं. बायका-मुली त्यात सहज आल्या, कारण पहाटे बाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नव्हती, पाणी भरायला निघालोच होतो.

आमच्या सोलापूरच्या कुंजविहारींची 'भेटेन नऊ महिन्यांनी' ही कविता तिला अखेरपर्यंत पाठ होती. फाशी जाणारा मुलगा आईला सांगतो, रडू नको, पुन्हा तुझ्याच पोटी येईन. ती हे गाऊन माझ्या आईला झोपवायची. आईला मोठेपणी कळलं की ही अंगाई नव्हे.

मार्शल लॉमध्ये भिंतीवरचं पत्रक फाडता येतं. आजीच्या डोक्यातलं कसं फाडणार?

पिटातला
जुनीपेटी, खोडलेल्या कडव्याबद्दल मला शंका आहे. मंजुरीला पदं द्यायची तर हस्तलिखित देत असणार. छापून झाल्यावर खोडणं म्हणजे एकतर छपाई आधीच उरकली होती किंवा मेळेवाल्यांनीच घाबरून गाळलं. खोडाखोड एकाच हाताची वाटते का? उजेडावर धरून वाचता येतंय का पाहा.

जुनीपेटी
आता खिडकीशी धरून पाहिलं. वाचता येतंय, एक शब्द सोडून. कडव्यात रामायण आहे, लंका आहे, 'समुद्र ओलांडुनी आले' असं आहे. आता रावण समुद्र ओलांडून आला की राम गेला, ते तुम्हीच सांगा. भाचीने मात्र लगेच विचारलं, "मग आले ते कोण?"

आणखी एक दिसलं. समासात पणजोबांच्या अक्षरात, पेन्सिलीनेच, पण काळ्या : "३ रे – पेटी चालू, सगळे गप्प."