मदत हवी आहे: चुकांची वही भरली, पण सराव पेपरचे गुण पन्नाशीतच अडकलेत

दारव्ह्याची_लेक

संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करते आहे. १०० प्रश्न, एक तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. गेल्या सात सराव पेपरांत गुण ४७ ते ५२ च्या मधेच फिरताहेत.

चुकांची वही ठेवते. चुकलेला प्रश्न चारही पर्यायांसह उतरवते आणि खाली हिरव्या पेनानं बरोबर उत्तर लिहिते. दोनशेच्या वर प्रश्न झालेत. एका पेपरचं उतरवायला चार तास जातात, मग ते पुन्हा वाचायला वेळच उरत नाही. विषयवार मोजल्यावर सगळ्यात जास्त चुका राज्यशास्त्रात निघाल्या, म्हणून ते पुस्तक पुन्हा पूर्ण वाचलं. पुढच्या पेपरात राज्यशास्त्राच्या चुका तेवढ्याच.

शेवटच्या पेपरात ५८ बरोबर, ३४ चूक, ८ सोडले. म्हणजे ५८ वजा साडेआठ, ४९.५. वहीत नेमकं काय लिहायचं? आमच्या गावात विचारायला कोणी नाही, अभ्यासिका तालुक्याला आहे.

तुरीचा_पट्टा

ताई, वही सोडा, मोबाईलवर एक्सेल करा. विषय, प्रश्न, उत्तर असे तीन रकाने. ज्या विषयात चुका जास्त तो लाल करायचा आणि तोच आधी वाचायचा. आणि तुक्का पूर्ण बंद. ३४ चुका म्हणजे साडेआठ गुण फुकट गेले.

खाकी_पाहिजे

माझंही असंच होऊन राहिलं. पोलीस भरतीची लेखी, १०० प्रश्न, दीड तास. बुद्धिमत्तेत वेळ पुरत नाही. कोणती टेस्ट सिरीज लावू? स्वस्तातली सांगा भाऊ.

वैनगंगाकाठ

@खाकी_पाहिजे भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. फक्त एक सांगतो, पोलीस भरतीच्या लेखीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे खाली तुक्क्याचा जो हिशोब येईल तो तुम्हाला लागू नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

ताई, वही असो की एक्सेल, फरक पडत नाही. तुमच्या वहीत बरोबर उत्तर आहे, पण तुम्ही चुकीचं उत्तर का निवडलं ते कुठंच नाही. शेवटच्या पेपरातले पाच-सहा चुकलेले प्रश्न इथं टाका. प्रत्येकासोबत त्या क्षणी डोक्यात काय होतं तेही लिहा. आठवत नसेल तर तसंच लिहा.

दारव्ह्याची_लेक

टाकते.

१. प्राणहिता कोणत्या दोन नद्यांच्या संगमातून तयार होते? मी वर्धा–पैनगंगा केलं. उत्तर वर्धा–वैनगंगा. माहीत होतं, नाव दिसलं आणि टिक केली.

२. अकराव्या अनुसूचीबद्दल चार विधानं, अयोग्य विधान ओळखा. पहिलंच विधान बरोबर वाटलं, तेच निवडलं. "अयोग्य" लक्षातच राहिलं नाही.

३. बाराव्या अनुसूचीत किती विषय? मी २९, उत्तर १८.

४. १५० मीटर लांबीची गाडी ताशी ५४ किमी वेगानं ३०० मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? मी २० सेकंद, उत्तर ३०.

५. साखर २५ टक्के महागली, खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्के कमी करावा? मी २५, उत्तर २०.

६. टोकोफेरॉल म्हणजे कोणतं जीवनसत्त्व? मी के, उत्तर ई. हे वाचलेलंच नव्हतं.

वैनगंगाकाठ

आता तुमच्या मोजणीत घोळ कुठं झाला ते बघा. दुसरा आणि तिसरा, दोन्ही चुका तुम्ही राज्यशास्त्राच्या खात्यात टाकल्या. तिसरी तिथलीच आहे, अकराव्या अनुसूचीचे २९ विषय तुम्ही बाराव्याला लावले. दुसरीचा राज्यशास्त्राशी संबंध नाही. तुम्हाला अनुसूची माहीत होती, प्रश्नाचा शब्द निसटला. पुस्तक दहा वेळा वाचलं तरी ती चूक पुन्हा होणार. राज्यशास्त्रात विधानांचे प्रश्न भरपूर येतात, म्हणून वाचण्यातल्या चुका तिथंच साचतात आणि विषय कच्चा असल्यासारखा दिसतो.

म्हणून विषय आणि कारण हे दोन वेगळे रकाने हवेत. कारणं चारच ठेवा, जास्त केली की कुठली चूक कशात टाकायची यातच वेळ जातो: माहीत नव्हतं, दोन गोष्टींची गल्लत, प्रश्न चुकीचा वाचला, कृती अर्धवट राहिली. कच्चा विषय शोधताना फक्त पहिली दोन मोजायची. शेवटच्या दोन विषयाच्या नाहीत, हाताच्या सवयीच्या आहेत.

तुमचा चौथा प्रश्न घ्या. ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर, इथवर बरोबर. मग ३०० ला १५ नं भागलं, गाडीची लांबी राहिली. ४५० भागिले १५, तीस सेकंद. ही अर्धवट कृती आहे, रेल्वेचा धडा कच्चा नाही. पाचवी मात्र खरी गल्लत आहे. १०० ची साखर १२५ ला गेली, तर वाढलेले २५ आता १२५ मधून कमी करायचे, म्हणजे पाचवा भाग, २० टक्के. तुम्ही पाया बदलला नाही. शेकडेवारीत "पाया बदलणे" हा उपघटक वहीत लिहा. नुसतं "गणित" लिहून काही सापडत नाही.

शेवटच्या रकान्यात पुढच्या वेळी काय करणार ते लिहा, पण हातानं करता येईल असं. "नीट वाचणे" लिहू नका, ते परीक्षेत करता येत नाही. दुसऱ्या चुकीसाठी लिहा: अयोग्य, चुकीचे, नाही असा शब्द दिसला की गोल करायचा आणि प्रत्येक विधानाशेजारी ब किंवा चू लिहायचं. चौथ्यासाठी: भागाकाराआधी "एकूण अंतर =" लिहायचं. पहिल्यासाठी नकाशा काढा: पैनगंगा वर्धेला मिळते, मग वर्धा वैनगंगेला, आणि तिथून पुढं प्राणहिता. वैन आणि पैन एका अक्षराचा फरक, पर्याय देणारा तेच वापरतो. म्हणून चुकीचा पर्याय कशामुळं ओढून गेला, हेही चार शब्दांत लिहा.

प्रश्न उतरवू नका. प्रश्नपत्रिका फाईलला लावा, वहीत पेपर क्रमांक आणि प्रश्न क्रमांक. एका चुकीला एक ओळ. ३४ चुकांना दीड-दोन तासांच्या वर लागू नयेत. आणि त्याच दिवशी करा, दोन दिवसांनी तेव्हा काय विचार केला होता ते आठवत नाही, मग सगळ्यांपुढं "माहीत नव्हतं" पडतं.

दारव्ह्याची_लेक

पूर्ण पेपर पुन्हा तपासला. माहीत नव्हतं १३, गल्लत १०, वाचण्यात ७, अर्धवट कृती ४. राज्यशास्त्राच्या ९ चुका होत्या, त्यातल्या ५ वाचण्याच्या निघाल्या! उरलेल्या चारपैकी तीन पंचायत राजच्या आहेत.

वैनगंगाकाठ

मग राज्यशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवा. फक्त पंचायत राज घ्या, त्यातही ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती एका पानावर आमनेसामने मांडा: कलम, अनुसूची, विषयांची संख्या. हे एका संध्याकाळचं काम आहे. मात्र तीन चुका एकाच पेपरातल्या आहेत, त्यावर पक्कं मत बनवू नका. चार-पाच पेपरांची बेरीज करा, आणि त्या उपघटकाचे एकूण किती प्रश्न आले तेही लिहा. ८ पैकी ५ चुकले आणि २५ पैकी ५ चुकले, यात फरक आहे.

वाचण्याच्या ७ आणि कृतीच्या ४ अशा ११ चुका जमल्या तर प्रत्येकी सव्वा गुण मिळतो, कारण एक गुण येतो आणि कापलेला पाव वाचतो. पावणेचौदा गुण. सगळ्या जाणार नाहीत, पण निम्म्या गेल्या तरी तुम्ही पन्नाशीतून बाहेर पडता, तेही नवं काही न वाचता.

तुरीचा_पट्टा

विषय-कारण वेगळं करायचं पटलं, माझ्या शीटमध्ये ते नव्हतं. पण तुक्क्याबद्दल मी म्हणतो ते बरोबरच आहे ना?

वैनगंगाकाठ

अर्धंच, भाऊ. पाव गुण कापला जातो तेव्हा चार पर्यायांत डोळे मिटून मारलेले चार तुक्के सरासरी एक गुण देतात आणि पाऊण नेतात. म्हणजे जवळपास शून्य. पण दोन पर्याय खात्रीनं बाद झाले असतील, तर दोन तुक्क्यांत एक बरोबर, एक चूक, हाती पाऊण गुण. तो सोडणं तोट्याचं आहे.

ताई, पुढच्या पेपरात सोडवतानाच खूण करा: दोनात अडकलं तिथं २, निव्वळ तुक्का तिथं त. मग बरोबर आलेले तुक्केसुद्धा वहीत येतील. तुमच्या ५८ मध्ये असे किती आहेत ते आज कोणालाच माहीत नाही.

फळा_आणि_खडू

एक जोडतो. सराव पेपरची उत्तरतालिका चुकीची असते, हे वारंवार दिसतं. उत्तर पटलं नाही तर वहीत घेण्याआधी पाठ्यपुस्तकात बघावं. आयोगाचे जुने पेपर सोडवत असाल तर पहिली नव्हे, हरकतींनंतरची अंतिम उत्तरतालिका घ्यावी. चुकीचं उत्तर वहीत गेलं की ते पाठ होतं.

दारव्ह्याची_लेक

आठवा पेपर झाला. ६१ बरोबर, २९ चूक, १० सोडले. ५३.७५. वाचण्याच्या चुका ७ वरून ३. अर्धवट कृती अजून ४ च. "२" ची खूण १५ ठिकाणी, त्यात ६ बरोबर. "त" ९ ठिकाणी, २ बरोबर.

वैनगंगाकाठ

"२" मधून ६ वजा सव्वादोन, पावणेचार मिळाले. "त" मधून पाव गुण. पण १५ पैकी ६ हे निम्म्याहून कमी आहे. कदाचित योगायोग असेल, पंधरावरून सांगता येत नाही. पुढच्या तीन पेपरांतही असंच राहिलं, तर तुम्ही बरोबर पर्यायच बाद करताय का ते बघावं लागेल.

चार कृतीच्या चुका शेवटच्या दहा मिनिटांतल्या आहेत का? तसं असेल तर गणित आधी घेऊन बघा. आणि वहीतल्या ओळी तीन दिवसांनी आणि मग दहा दिवसांनी उत्तर झाकून सोडवा. दोन्ही वेळा कारणासकट बरोबर आलं तरच ओळ खोडा. नुसता "ब" आठवला तर खोडू नका, तो पर्याय पाठ झालेला असतो.

तुरीचा_पट्टा

एका प्रश्नाला ३६ सेकंद मिळतात. दोनात अडकलेल्या १५ प्रश्नांवर प्रत्येकी एक मिनिट गेलं, तर मागचे सोपे सुटतात. हा तोटा तुमच्या हिशोबात नाही.

वैनगंगाकाठ

खरं आहे, तो नाही. तो मोजायचा तर प्रत्येक २५ प्रश्नांनंतर घड्याळाची वेळ लिहावी लागेल. ताई, एका पेपरात करून इथं टाका, मग बोलू.

दारव्ह्याची_लेक

हो, चारही निम्मा तास झाल्यानंतरच्या निघाल्या, दोन अगदी शेवटच्या. रविवारी गणित आधी घेते आणि वेळाही लिहिते. चालू घडामोडींच्या चुकांचं काय करायचं? ते प्रश्न पुन्हा येतच नाहीत.

फळा_आणि_खडू

त्यांची ओळ करू नका. प्रकार तेवढा मोजा: पुरस्कार, नियुक्त्या, योजना. योजनांमध्ये सतत जात असतील तर मासिकातलं तेवढंच पान दोनदा वाचा.