मदत हवी आहे : पुस्तकाच्या पानाचा फोटो आलाय, पण इयत्ता माहीत नाही आणि नेमकं काय अडलंय तेही नाही

खाडीकाठची
हर्णैजवळच्या आमच्या वाडीत संध्याकाळी मुलं अभ्यासाला येतात. सध्या पावसामुळे बंद आहे, म्हणून आईच्या मोबाईलवरून फोटो टाकतात. काल एका नव्या मुलीने भरती-ओहोटीचं पान पाठवलं आणि खाली लिहिलं, "ताई हे समजवा ना." पान क्रमांक अंगठ्याखाली गेलाय. आकृतीत मधे पृथ्वी, एका बाजूला चंद्र, आणि पाण्याला दोन फुगवटे : एक चंद्राकडे, एक बरोबर उलट बाजूला. मजकुरात "केंद्रोत्सारी बल" आहे. काय नाही समजलं विचारलं तर उत्तर, "सगळंच." कितवीत आहे याचं उत्तरच नाही. सुरुवात कुठून करू?

दर्यावरचा
ताई, भरतीची वेळ काढायला पुस्तक कशाला? तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं, पण आमचं भागतं.

खाडीकाठची
दादा, वेळ नको होती हो, आकृती समजवायची आहे. पण हिशोब लिहून ठेवते.

जुना मास्तर
दर्यावरच्या भावांनी चुकून कामाचंच सांगितलंय. "काय समजलं नाही" हे पोराला सांगता आलं असतं तर त्याने विचारलंच नसतं. म्हणून तिला एकच प्रश्न टाका : आज दुपारी बाराला पूर्ण भरती असेल, तर पुढची पूर्ण भरती कधी?

"उद्या दुपारी" म्हणाली, तर तिला दुसरा फुगवटा दिसलेलाच नाही. आकृतीवर बोट ठेवून आपलं गाव पृथ्वीबरोबर एक पूर्ण फेरी फिरवायला सांगा, वाटेत दोन फुगवटे लागतील. "रात्री बाराला" म्हणाली, तर दोन फुगवटे कळलेत, पण चंद्रही पुढे सरकतो हे सुटलंय. त्याला गाठायला पृथ्वीला दिवसाला साधारण ५० मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटं. आणि "रात्री साडेबाराच्या आत" म्हणाली, तर वेळेचं काही समजवू नका, तिचं घोडं दुसरीकडे अडलंय. इयत्ता आत्ता नाही कळली तरी चालेल.

पेन्सिल_घासणारी
आमच्या मुलाच्या बोर्डात हा धडा वेगळाच आहे, आणि त्याच्या मॅडम तर आकृती फळ्यावर काढतच नाहीत. तिचं पुस्तक कुठल्या बोर्डाचं आहे ते आधी बघा.

गणपुले_नव्हे
सोपं आहे. चंद्राकडचं पाणी चंद्र ओढतो. पलीकडचं पाणी पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून बाहेर फेकलं जातं. तेच केंद्रोत्सारी बल. झालं.

जुना मास्तर
पहिलं वाक्य बरोबर. दुसरं तसं असतं तर विषुववृत्तावर सगळीकडे सारखाच फुगवटा आला असता, फक्त चंद्राच्या उलट बाजूलाच का? पुस्तकातलं बल पृथ्वी आणि चंद्र मिळून एका सामाईक मध्याभोवती फिरतात, त्याचं आहे.

खाडीकाठची
प्रश्न टाकला. उत्तर आलं : "रात्री साडेबाराला जरा कमी, आजोबा म्हणतात तसं. पण ताई चंद्र या बाजूला, मग त्या बाजूचं पाणी का वर येतं?" म्हणजे अडचण तिथे आहे! आता सामाईक मध्य वगैरे सांगू का?

जुना मास्तर
इयत्ता कळेपर्यंत नको. तीन होड्या सांगा, एकामागे एक. तिघींनाही चंद्र आपल्याकडे ओढतोय : सगळ्यात जवळची जोरात, मधली मध्यम, लांबची सगळ्यात कमी. मधल्या होडीत बसून बघितलं तर पुढची पुढे निघून गेलेली दिसते आणि मागची मागे राहिलेली. मधली होडी म्हणजे पृथ्वी, बाकी दोन म्हणजे दोन बाजूंचं पाणी. पलीकडचं पाणी कोणी ढकलत नाही, ते मागे राहतं. आणि फुगवटे चित्रात मुद्दाम फुगवून काढलेत, हेही सांगा. नाहीतर पोरं पलीकडे पाण्याचा डोंगर उभा आहे समजतात.

गणपुले_नव्हे
आणि परीक्षेत होड्या लिहिल्या तर मार्क कोण देणार?

जुना मास्तर
परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं, ते चूक नाही. फक्त "पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून" एवढं जोडायचं नाही.

गणपुले_नव्हे
आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं. बघतो.

खाडीकाठची
होड्या चालल्या. तिने स्वतः तीन होड्या काढून फोटो पाठवला, मधलीवर "आपण" लिहिलंय. आता पुढचा प्रश्न : सूर्यही ओढतो ना, मग अष्टमीला भांगाची, कमी चढणारी भरती का? इयत्ता अजून सांगितलेली नाही.

जुना मास्तर
सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी धरा. अवसेला आणि पुनवेला दोघांचे फुगवटे एकाच रेषेत, म्हणून उधाण. अष्टमीला सूर्य चंद्राशी काटकोनात, मग चंद्राच्या ओहोटीच्या जागी सूर्याची भरती. भरती कमी चढते, ओहोटीही कमी उतरते. हे तिला आधी आजोबांना विचारू दे, मग आकृती काढू दे.